तिसऱ्या फोटोतली आई

लग्नाची पन्नास वर्षं साजरी करायची ही कल्पना माझ्या थोरल्या भावाची. मुंबईला त्याच्या साहेबाने असा समारंभ केला होता, तेव्हापासून त्याच्या डोक्यात ते घुसलं होतं. साठच्या दशकात आमच्या मालवणकडच्या गावात असलं काही कुणी ऐकलंही नव्हतं. आईने तर पत्र वाचून घेतल्यावर कळवलं होतं, "पन्नास वर्षां आमी भांडलव, तेचो कसलो सोहळो?" पण भावाने मे महिन्यातली तारीख ठरवली आणि भाषण माझ्यावर ढकललं. कारण फोटोंचं काम माझं होतं.

मी तेव्हा मुंबईच्या एका स्टुडिओत रिटचिंग करत असे. लोकांच्या चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या, सुरकुत्या घालवणं हा माझा धंदा, आणि त्यात माझा हात धरणारं कुणी नाही अशी माझी पक्की समजूत होती. आबांच्या पेटीत लग्नानंतरच्या दोन-तीन वर्षांतले तीन फोटो होते. दमट हवेने पिवळे पडलेले, कडा कसरीने खाल्लेल्या. ते मी मुंबईला नेले. मूळ फोटोला ब्रश लावायचा नाही, हा आमचा पहिला नियम. फोटो काचेखाली सपाट दाबायचा, दोन्ही बाजूंनी तिरपे दिवे सोडायचे, कॅमेऱ्याच्या भिंगावर पिवळी काच चढवायची म्हणजे पिवळे डाग कागदाच्या पांढऱ्यात मिसळून जातात, आणि नवी निगेटिव्ह घ्यायची. जे काही करायचं ते त्या निगेटिव्हवर.

तिसऱ्या फोटोत आई खुर्चीत बसलेली आणि आबा शेजारी उभे. तिच्या चेहऱ्यावर देवीचे वण. ते मला जन्मापासून ठाऊक होते. लहानपणी मी तिच्या गालावर बोटं ठेवून झोपायची. पण फोटोत ते फार दिसत होते. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, म्हणून खड्ड्यांतल्या काळ्या सावल्या तिथे स्वच्छ काचेसारख्या दिसतात. मी निगेटिव्हवर पातळ वार्निश लावलं, कारण त्याशिवाय पेन्सिलीचं शिसं धरत नाही. मग पॉलिश पेपरवर सुईसारख्या टोकदार केलेल्या पेन्सिलीने एकेक ठिपका भरला. जास्त भरला तर छापल्यावर गालावर पांढरं ठिगळ दिसतं, म्हणून श्वास रोखून. आईचा चेहरा लोण्यासारखा झाला. मी खूष होते. आईला मी काहीतरी परत देते आहे असं मला मनापासून वाटत होतं.

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी आबांनी माजघरात फ्रेमा उघडून बघितल्या. पहिल्या दोन बघून मान हलवली. तिसरीपाशी थांबले.

"ह्यां कोण गो?"

"आई ती, आबा."

"नाय. माजी घरकारीण अशी न्हय."

मी हसले. ते हसले नाहीत. खाली बसले आणि आम्हा भावंडांना कधीच न सांगितलेली गोष्ट त्यांनी सांगितली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आईला देवी आल्या. आबा तेव्हा मुंबईला नोकरीत. घरच्यांनी आईसमोरचा आरसा काढून ठेवला, तिला माहेरी पाठवायचं आणि आबांसाठी दुसरी मुलगी बघायची असं ठरवलं. मुलगी बघूनही झाली होती. आबा बोटीने आले, आईला घेऊन सरळ वेंगुर्ल्याला फोटोवाल्याकडे गेले. तो म्हणाला, बाईंना जरा तिरपं बसवू या, वर पेन्सिलही मारतो. आबा म्हणाले, समोर बसव, आणि आहे तसा काढ. तो फोटो त्यांनी ओटीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिला दिसेल असा टांगला. दुसऱ्या मुलीची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही, आणि मग कधीतरी तो पेटीत गेला. हाच तो तिसरा फोटो.

"आनि तू तेवडांच पुसलंस," आबा म्हणाले. रागाने नव्हे. त्यामुळे मला जास्त लागलं.

माझा पहिला विचार सांगते, लाज वाटते तरी. उद्या चार वाजता घरापुढच्या खळ्यात अख्खी वाडी जमणार, आणि आईचे वण मी मोठे करून टेबलावर मांडायचे? ते तिला सोसवेल? हे आबांनी नाही, आईने ठरवायचं. मी रांधपात, चुलीपाशी गेले. ती नारळ खवत होती. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, कुठला लावू? तिने खवणीवरची नजर काढली नाही.

"तुका बरां वाटता तां कर."

एवढंच. आईच्या ह्या वाक्याचा अर्थ होय असतो की नाही, हे मला आजही कळलेलं नाही.

दोन्ही फोटो तयार ठेवून तिलाच पुन्हा विचारायचं ठरवलं, आणि सकाळी निगेटिव्ह घेऊन मी मालवणच्या बाजारात गेले. जादा प्रती लागतील म्हणून ती सोबत आणली होती, हे नशीब. तिथल्या फोटोवाल्याने डार्करूम दिली. कापसावर टर्पेंटाइन घेऊन मी निगेटिव्हवरचं वार्निश पुसलं. शिसं त्याच्याबरोबर निघून आलं. फोटोवाला हळहळला, "बाई, इतकं सुरेख काम!" मी त्याला चूप केलं. मग निगेटिव्ह कागदावर दाबून छापली, आणि लाल दिव्याच्या उजेडात ट्रेमधल्या रसायनाखाली आई हळूहळू वर आली, वणांसकट. मी तिथेच रडले.

चार वाजता मी टेबलाशी उभी राहिले. दोन फ्रेमा दोन फडक्यांखाली, तिसऱ्या फडक्याखाली गुळगुळीत चेहऱ्याची फ्रेम आणि तिच्याशेजारी, त्याच फडक्याखाली, बिनफ्रेमचा, अजून कडांना वळलेला नवा फोटो. कागदावर लिहिलेलं भाषण मोठं होतं. मी ते घडी करून ठेवलं. पहिलं फडकं काढून सांगितलं, हे लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीतले. दुसरं काढून सांगितलं, ही आबांची पहिली नोकरी आणि उसना घेतलेला कोट. लोक हसले. आबाही. मग तिसऱ्या फडक्यावर हात ठेवून मी म्हणाले, "इथे माझ्याकडून चूक झाली. डाग कुठला आणि माणूस कुठलं, हे मला ओळखता आलं नाही. आई, तुला चालत असेल तरच हे फडकं काढते. नाहीतर राहू दे."

आई बायकांमध्ये बसली होती. ती उठली. चारचौघांत पुढे येणारी ती बाई नव्हे, पण आली, आणि फडकं तिनेच ओढलं. दोन्ही चेहरे शेजारी शेजारी बघितले. चष्मा मागून घेतला, पुन्हा बघितले. गुळगुळीत गालावर नखाने हळूच टकटक केलं.

"हे सगळे खड्डे भरूक तुका किती दिस लागले?"

"पाच," मी म्हटलं.

तिने आबांकडे बघितलं. ते खुर्चीत मान खाली घालून बसले होते.

"ह्येनी एका दिसात भरल्यानी," आई म्हणाली, आणि नवा फोटो उचलून त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवला.