आठाचे चार

रुग्णालयाच्या संशोधन कक्षात, जुन्या फायलींच्या कपाटाला खेटून आकडेबाईंचं टेबल होतं. संख्याशास्त्राची पदवी आणि अकरा वर्षांची नोकरी. तीही वर्षावर्षाच्या कराराची, शल्यविभागप्रमुखांची सही झाली तर पुढे चालणारी. डॉक्टर मंडळी बाईंकडे यायची ती सगळं उरकल्यावर, दूध उतू गेल्यावर गॅस बंद करायला यावं तशी.

एक दिवस प्रमुख स्वतः आले. जखमेवरच्या नव्या पट्टीची जुनीशी तुलना झाली होती, साठ रुग्णांवर. नव्या पट्टीने जखमा सरासरी दोन दिवस आधी भरल्या. पण पट्ट्यांत खरा फरक नसतानाही योगायोगाने, या किंवा त्या बाजूला, एवढी तफावत दिसायची शक्यता शेकडा आठ निघाली. संशोधन छापणाऱ्या मासिकांना ती पाचाच्या आत लागते.

"चाचणी एकाच बाजूची करा बाई, जखमा लवकर भरण्याचीच बाजू मोजा, आठाचे चार होतात. आणि पद्धतीच्या भागात दोन ओळींचं समर्थन टाका. पट्टी चांगलीच ठरणार, हे आम्हाला आधीपासून ठाऊक होतं."

"ठाऊक होतं, तर साठ जणांना कशाला त्रास दिलात?" बाई म्हणाल्या. "बरं, जखमा उशिरा भरल्या असत्या तर?"

"तर पट्टी तिथल्या तिथे बंद केली असती. सगळ्यांना कळवलं असतं."

"म्हणजे उलट्या बाजूचं उत्तरही तुम्हाला हवंच होतं. मग एक बाजू झाकता येत नाही."

"गेल्या वर्षी लसींना तुम्हीच एका बाजूची चाचणी लावलीत की."

"लावली. फ्रीज बिघडला होता, लसीची ताकद मर्यादेखाली गेलीय का, एवढाच प्रश्न होता. ताकद जास्त निघाली असती तरी लस वापरायचीच होती, निर्णय बदलणार नव्हता. आणि हे पहिली बाटली तपासायच्या आधी लिहून ठेवलं होतं. तुमच्या अभ्यासाच्या मंजूर आराखड्यात दोन्ही बाजूंची चाचणी आहे. खाली सही तुमचीच."

प्रमुखांनी चष्मा पुसला. "तुमच्या करारावरची सही राहिलीय वाटतं," ते म्हणाले आणि गेले.

बाई घाबरल्या. पन्नाशीत नवी नोकरी कोण देतं? तरी मागितल्या तेवढ्याच दोन ओळी त्यांनी लिहून पाठवल्या: 'एका बाजूची चाचणी निकाल पाहिल्यावर निवडली. आराखड्यातल्या चाचणीनुसार फरक सिद्ध होत नाही.'

करार वाढला नाही. कारण दिलं: कामाचा भार कमी झाला.

सहा महिन्यांनी लेख छापून आला. शक्यता शेकडा चार, आणि समर्थनात लिहिलं होतं की दिशा आधीच ठरली होती. शेवटी बाईंचे जाहीर आभार: 'चाचणीच्या निवडीत मोलाचं मार्गदर्शन केल्याबद्दल.' इतका मान त्यांना अकरा वर्षांत कोणी दिला नव्हता.

त्याच दुपारी बाईंनी मंजूर आराखड्याचं ते पान आणि आपल्या दोन ओळी संपादकांना पाठवल्या. सोबत लिहिलं, मार्गदर्शन केलं होतं ते हे; छापायचंच असेल तर पूर्ण छापा.