दोनच्या मागचं चिन्ह

बारामतीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात रत्नप्रभाताई वीस वर्षं केसपेपर सांभाळत होत्या. आता ते हातानं लिहिलेले कागद त्या संगणकावर उतरवत होत्या. दर भेटीचा वेगळा तक्ता: उजवा-डावा डोळा, चष्म्याविना नजर, चष्म्यासह नजर, नंबर.

सणसरच्या दगडाबाईंच्या कागदावर त्यांचा हात थांबला. डाव्या डोळ्याचा नंबर अधिक पावणेदोन. उजव्यापुढं नुसतंच दोन. अधिक की उणे, चिन्हच नव्हतं.

"डावा प्लस आहे ना? मग उजवाही प्लस टाका," नवा मॅनेजर विजयसिंह म्हणाला. "तक्ता पूर्ण हवा."

"उजव्यात मोतीबिंदू वाढतोय, ह्याच कागदावर लिवलंय. त्यानं नंबर उणेकडं बी सरकतो. मी अंदाज टाकणार न्हाय."

"रिकामा चौकोन वाईट दिसतो, ताई."

रत्नप्रभाताईंनी चौकोनात ठळक टाइप केलं, 'चिन्ह नोंदलेलं नाही, डोळा पुन्हा तपासावा', आणि फोन करून दगडाबाईंना उद्या बोलावलं.

"दिसू द्या वाईट," फोन ठेवत त्या म्हणाल्या. "ह्यावरनं चुकीचा चष्मा बनला आन् म्हातारी उंबऱ्यात पडली, तर ते तुमच्या कुठल्या चौकोनात लिवू?"