फोटोतलं पांढरं खोकं

तक्रार विभागात वर्षानुवर्षं लोकांच्या शिव्या निमूट ऐकलेली बाई. पण आज लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर बसून मुलाखत द्यायची होती, आणि ते तिने कधीच केलं नव्हतं. जुनी नोकरी सुटली होती. ही नवी घरून करायची होती. मिळाली तर आई घरात राहणार, नाही मिळाली तर बाहेर काम शोधायचं आणि आईला वृद्धाश्रमात ठेवायचं. आईचा तोल जायचा, तिला एकटं ठेवायची सोय नव्हती.

भाचीने टेबलाचा फोटो मागवला. परत आला तो लाल गोलांनी भरलेला, आणि पाठोपाठ फोन.

"मावशी, हे टेबल आहे की भंगाराचं दुकान? औषधांचा डबा हलव, दोरीवरचे कपडे काढ. खिडकी पाठीमागे आहे, चेहरा काळा दिसेल. टेबल फिरव, उजेड तोंडावर घे. आणि लॅपटॉपखाली जाड पुस्तकं ठेव, कॅमेरा डोळ्यांसमोर आला पाहिजे."

टेबल फिरलं, कपडे गेले. दुसरा फोटो गेला.

"आता कशी साहेबीण वाटतेस! फक्त मागच्या भिंतीवरचं ते पांढरं खोकं काढ."

तिने प्लगमधून ते उपटलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. दुसरीकडे लावू, असं मनात होतं. पण दुसऱ्या प्लगला लॅपटॉपचा चार्जर होता, आणि साडीचा पदर नीट करण्याच्या गडबडीत ते राहूनच गेलं.

शेजारच्या खोलीचं दार लावताना तिने आईला बजावलं, "हाक मारू नकोस हं, तिकडे सगळं ऐकू जातं. काही लागलं तर गळ्यातलं बटण दाब. बेल वाजली की मी आलेच."

मुलाखत रंगली. समोरचे साहेब दोनदा हसले. मग त्यांनी विचारलं, "घरी काम करताना मध्येच अडचण आली तर काय कराल?"

उत्तर तोंडपाठ होतं. ते देतादेता तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या चौकोनावर गेली. नीटनेटकी बाई, स्वच्छ भिंत आणि रिकामा प्लग.

ते खोकं म्हणजे आईची बेल होती.

झोपली असेल, तिने मनाला समजावलं. तोंड बोलत राहिलं, कान मात्र दाराकडे लागले. पलीकडून कसलाच आवाज येत नव्हता, आणि त्या शांततेचीच तिला आता भीती वाटत होती. उठलं तर नोकरी गेली. नाही उठलं तर? तिला पुढचा विचार करवेना.

"माफ करा, माझी आई..." एवढंच म्हणून ती धावली.

आई पलंगाशेजारी जमिनीवर पडली होती, एक पाय अंगाखाली मुडपलेला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एका हाताने तिने तोंड दाबून धरलं होतं, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा बटण दाबत होता, पुन्हा पुन्हा.

लेकीला बघून तिने तोंडावरचा हात काढला आणि हळूच विचारलं, "झाली का गं मुलाखत? मी अजिबात ओरडले नाही."