दोन मिनिटांची ओळख

आदिलाबादेत नव्वदीच्या दशकात आम्ही केबलवर कीर्तनांची मालिका सुरू करत होतो. जैनथकडच्या एका कीर्तनकारबुवांना मीच 'सादर निमंत्रण' असा मथळा घालून पत्र लिहिलं: 'पहिल्या भागाआधी दाखवायला आपली दोन मिनिटांची ओळख हवी. नाव, गाव, गुरू आणि कीर्तनाचा अभंग, एवढं कॅमेऱ्यासमोर सांगावं.'

ठरल्या दिवशी बुवा बसनं आले ते मृदंगवाला आणि चार टाळकरी घेऊनच.

"बुवा, नुसतं बोलायचं होतं."

"पत्रात 'सादर निमंत्रण' हाय ना? मंग एकटा काय सादर करू?"

कॅमेरा सुरू झाला. दोन तास अखंड बोलणारे बुवा उपरणं सारखं करत गप्प उभे राहिले. दुसऱ्यांदाही तेच. कॅसेट मागं फिरवून तिसऱ्यांदा तयारी केली, तेव्हा ते कळवळून म्हणाले, "ही काच मान हालवत नाही हो! कोणाले सांगू?"

मग मी कॅमेऱ्याखाली मांडी घालून बसलो आणि मान डोलवू लागलो. बुवा खुलले. गाव सांगितलं, गुरूंचं नाव घेताना कानाला हात लावला, अभंगाचं पहिलं चरण म्हटलं, मृदंगवाल्याचं कौतुक केलं. घड्याळात बरोबर दोन मिनिटं झाली.

"बुवा, तुमचं नाव राहिलं."

ते हसले. "ते काऊन सांगू? कीर्तनात मी माहं नाव कदी घेतलं नाही. आता या वयात सवय मोडू काय?"

पुन्हा चित्रण केलं नाही. त्यांचं नाव आम्ही पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं, आणि तेवढ्यासाठीही मला उगाच अपराधी वाटलं.