सहा बायका कमी झाल्या

लखनौच्या एका मेडिकल कॉलेजात मी शिकवते. गरोदर बायकांमधल्या रक्तक्षयावर आम्ही चौघांनी एक पेपर लिहिला होता: विभागप्रमुख सर, आमचा संख्याशास्त्रज्ञ, बाराबंकीहून माहिती गोळा करून आणणारी एक तरुण डॉक्टर आणि मी. पेपर पाठवायच्या बेतात असताना संख्याशास्त्रज्ञाला दिसलं की सहा बायकांची नोंद दोनदा झाली आहे. त्याने जास्तीच्या नोंदी काढल्या, सगळं विश्लेषण पुन्हा चालवलं आणि नवीन फाइल पाठवून दिली. पेपरचा मजकूर मात्र जुनाच राहिला.

मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बसले. गोषवाऱ्यातली एकूण संख्या वेगळी, टेबलातली वेगळी. टक्केवाऱ्या इकडून तिकडे सरकलेल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, लोहाच्या गोळ्या नियमित घेणाऱ्यांमध्ये रक्तक्षय 'लक्षणीयरीत्या कमी' हे सरांचं लाडकं वाक्य आता टिकत नव्हतं. ते आधीपासूनच काठावर होतं. नव्या गणितात दोन्ही गटांची तुलना करणाऱ्या गुणोत्तराचा पल्ला एकाच्या, म्हणजे 'दोघी सारख्याच'च्या, खालून सुरू होऊन वर जात होता. म्हणजे फरक आहे, असं छातीठोकपणे म्हणायची सोय उरली नव्हती.

मी तिघांना ईमेल लिहिली. मजकुरात काय आहे, नव्या फाइलीत काय आहे, पान कुठलं, सगळं ओळीने मांडलं आणि शेवटी विचारलं, कोण कुठले आकडे पुन्हा तपासणार?

सरांचं उत्तर तासाभरात आलं: "एक्सलंट वर्क. प्लीज सबमिट." संख्याशास्त्रज्ञाने अंगठा पाठवला. बाराबंकीवालीने हात जोडले.

संध्याकाळी वृंदावन योजना या वसाहतीतल्या घरी मी नवऱ्यापुढे कपाळ बडवून घेतलं. तो रेल्वेत इंजिनियर. मटार सोलता सोलता म्हणाला, "सगळ्यांना विचारलंस म्हणजे कुणालाच विचारलं नाहीस. आमच्याकडे पत्रात नाव घातल्याशिवाय बोल्टसुद्धा कुणी आवळत नाही."

"नावं घातली तरी सर वाचतील का?"

"मग वाचतील असं काहीतरी घाल की."

दुसऱ्या दिवशी मी नवी ईमेल पाठवली. गोषवारा आणि निष्कर्ष सरांकडे, टेबलं संख्याशास्त्रज्ञाकडे, नमुन्याची संख्या आणि वगळलेल्या नोंदी बाराबंकीवालीकडे, निकालांचा मजकूर माझ्याकडे. प्रत्येकाने आपापले आकडे नव्या फाइलीशी ताडून खूण करायची. आणि सगळ्यात खाली, अगदी साळसूदपणे, एक मुद्दा: 'पेपरवरच्या लेखकांच्या नावांचा क्रम: ज्याने जेवढं तपासलं त्यानुसार पुन्हा ठरवायचा का?'

चहा निवायच्या आत फोन वाजला.

"मैडम," सर म्हणाले, "ज़रा आइए तो."

त्यांच्या खोलीत संख्याशास्त्रज्ञ आधीच येऊन बसला होता. त्याला दिलेली टेबलं तपासून झाली होती आणि आणखी काही तपासायला मिळेल का, असं तो विचारत होता. बाराबंकीवालीचा फोन स्पीकरवर होता.

"ये क्रम वाली बात क्या है?" सरांनी विचारलं.

"सर, बस पूछा है," मी म्हटलं. "आप तो पहले ही देख चुके होंगे."

सरांनी चष्मा लावला. गोषवारा एका हातात, नवीन फाइल दुसऱ्या हातात. एका आकड्यावर बोट, मग दुसऱ्यावर. 'लक्षणीयरीत्या'वर आल्यावर बोट थांबलं. मला जरा भीतीच वाटली. हे वाक्य ते एका परिषदेत मोठ्याने म्हणून आले होते.

"ये तो गया," ते शेवटी म्हणाले.

"एक बार और चलाकर देखूँ?" संख्याशास्त्रज्ञ पुटपुटला.

"क्यों? जब तक मनपसंद जवाब न आए, तब तक?" सरांनी लाल पेन उचललं, आपलं लाडकं वाक्य स्वतःच्या हाताने खोडलं आणि वर लिहिलं: फरक दिसला, पण खात्रीने सांगता येत नाही. मला त्या क्षणी ते फार आवडले. तसं सांगायची माझी हिंमत मात्र झाली नाही.

इतकं होऊन ते थांबतील असं मला वाटलं होतं, पण एकदा चटक लागल्यावर त्यांनी माझाही भाग वाचायला घेतला. दुपारी सगळ्यांना ईमेल आली. मी 'तपासलं' अशी खूण केलेल्या निकालांच्या तिसऱ्या परिच्छेदातल्या टक्केवाऱ्या अजून जुन्याच एकूण संख्येवर काढलेल्या होत्या. खाली लिहिलं होतं: "मैडम से निवेदन है कि दोबारा जाँच लें."

शेजारच्या खोलीतलं संख्याशास्त्रज्ञाचं हसणं भिंतीतून ऐकू आलं. मी खुर्ची ओढली आणि तो परिच्छेद पहिल्या आकड्यापासून पुन्हा मोजायला घेतला.