मी लिहिलेला ताईंचा खुलासा

आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. हे मी सांगतो, आणि मोठ्यानं सांगतो. पण त्या पदवीच्या जोरावर मी एक कागद लिहिला होता, तो मात्र आजवर कोणाला सांगितला नाही.

मी कंत्राटावर कचेऱ्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. त्या आठवड्यात तेलंगणातल्या एका मंडल कचेरीत, म्हणजे तहसिलीसारख्या कचेरीत, दहा मशीनींचं फर्मवेअर नवं करायचं होतं. मशीन चालू होताना सगळ्यात आधी जे जागं होतं ते फर्मवेअर. आमच्या मशीनींची डिस्क कुलूपबंद असते, आणि किल्ली मशीनमधल्याच एका चिपकडे. ही चिप सुरुवातीची सगळी मांडणी रोज तपासते. कालच्यासारखीच दिसली तर किल्ली देते, बदललेली दिसली तर देत नाही. म्हणून फर्मवेअर बदलण्याआधी संरक्षण तेवढ्यापुरतं थांबवायचं असतं. त्यानं डिस्क उघडी होत नाही, फक्त चिपला न विचारता मशीन सुरू होतं. काम झाल्यावर संरक्षण परत चालू केलं की चिप नवी मांडणी ओळखू लागते. दोन मिनिटांचं काम.

नऊ मशीनींवर मी ते केलं. दहावं ताईंचं. ताई म्हणजे तिथल्या ऑपरेटर, माझ्यासारख्याच कंत्राटी, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या. त्या जेवायला गेल्या होत्या. मशीन हळू, मला आदिलाबादची बस धरायची होती. पेनड्राइव्ह लावला, थेट फर्मवेअर बदललं, मशीन बंद केलं. माझ्या कामाच्या यादीत 'संरक्षण थांबवले' पुढं खूण मात्र दहाही ठिकाणी केली.

ताई आल्या, बटन दाबलं. निळा पडदा. रिकव्हरी की मागत होता, म्हणजे डिस्कची राखीव किल्ली, अठ्ठेचाळीस आकडे.

"भाऊ, हे काय मागून राह्यलं?"

मला त्याच क्षणी कळलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "काय दाबलं तुम्ही?"

"मी काय दाबू? आताच तं चालू केलं नं!"

तोवर साहेब मागं येऊन उभे. पीक नोंदीची यादी संध्याकाळपर्यंत वर जायची होती, ती त्याच मशीनमध्ये. जिल्ह्याच्या ज्या माणसाकडे किल्ल्या असतात, तो रजेवर. यादी गेली नाही. साहेब तेलुगूत ताईंना म्हणाले, "लेखी खुलासा द्या. पुढच्या महिन्यात तुमच्या कंत्राटाची फाइल वर जाणार आहे, तिला लावावा लागेल."

ताई माझ्याकडं आल्या. "भाऊ, तुमचं इंग्रजी चांगलं हाय. लिहून द्या. माहं दहावी पास इंग्रजी कोण वाचते?"

मी लिहिलं. दहा मिनिटांत. 'माझ्या निष्काळजीपणामुळे सुरुवातीच्या सेटिंगमध्ये बदल झाला.' सुबक, एकही चूक नाही. त्यांनी न वाचता सही केली, वर चहा पाजला. तो चहा मी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या त्या माणसाकडून फोनवर किल्ली मिळाली. पडद्यावरच्या ओळख-अंकाशी ताडून आकडे टाकले, मशीन उघडलं, एकही नोंद गेली नव्हती. संरक्षण थांबवून परत सुरू केलं. ताई शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

"हे आता काऊन थांबवलं?"

मी सांगितलं. शिकलेल्या माणसाला सांगायची हौस असते. चिप, किल्ली, फर्मवेअर, सगळं.

"मंग काल आधी थांबवाचं काम कोणाचं होतं?"

"माझं."

"थांबवलं होतं?"

"नाही. बस धरायची होती."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ड्रॉवरमधून कोरा कागद काढला. "लिहा. यावेळी तुमच्या नावानं. अन् लिहिलं का मराठीत वाचून दाखवा, एकेक ओळ."

तो कागद मला दहा मिनिटांत जमला नाही. पहिली ओळ तीनदा खोडली. अख्ख्या कचेरीसमोर मी माझं इंग्रजी मराठीत वाचत होतो, आणि टायपिस्ट मामा मध्येच म्हणाले, "इतकं शिकून चार ओळी येत नाही का बे?" कोणीतरी हसलं. मी खाली बघत वाचत राहिलो.

"'नजरचुकीने' लिहिलं का?" ताईंनी विचारलं.

"हो."

"नजर चुकली नव्हती भाऊ. बस धराची होती. ते काढा."

काढलं. सही केली. तो कागद घेऊन त्या स्वतः साहेबांच्या खोलीत गेल्या. मला म्हणाल्या, "तुमी इथंच थांबा. यातही काही घोटाळा नको." दार लागलं. मी त्यांच्या मशीनसमोर, त्यांच्याच खुर्चीच्या बाजूला उभा राहिलो. खुर्चीत बसायची हिंमत झाली नाही.