एकाच नावाचे दोन ‘पतोक’

न्युरेम्बर्गच्या लांगवासर भागात, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत नीलिमा टिपणीस एकट्या राहतात. वय एकोणसाठ. पुण्यात रशियन शिकल्या, लग्न होऊन जर्मनीत आल्या. नवरा, भास्करराव, जाऊन चार वर्षं झाली. मुलगी कुहू बर्लिनला असते.

अकरा वर्षं त्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचं रशियन भाषांतर करताहेत. कारखान्यातल्या यंत्रांकडून माहिती घेणारे प्रोग्रॅम लिहायला प्रोग्रॅमर लोक या कंपनीची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरतात. तिचं डॉक्युमेंटेशन आणि चुकलं की दिसणारे एरर मेसेज नीलिमाताई रशियनमध्ये आणतात. वाचणारे बहुतेक कझाकस्तानातले. त्यांच्यापैकी कुणाला त्यांनी पाहिलेलं नाही. रशियन बोलायलाही आता कुणी नाही. ती भाषा त्या फक्त लिहितात.

शब्दांची यादी त्यांनीच केली होती. पहिलाच नियम होता: रशियन शब्द असेल तिथे लॅटिन, म्हणजे इंग्रजीची, अक्षरं नकोत. या नियमाचा त्यांना अभिमान होता.

मार्चमध्ये कझाकस्तानातल्या कारागांदाहून येरलान नावाच्या प्रोग्रॅमरची मेल आली. पिठाच्या गिरणीतलं पॅकिंगचं यंत्र सारखं थांबत होतं, आणि मेसेज येत होता: ‘पतोक दुसऱ्या पतोकने बंद केला.’ त्याने विचारलं होतं, “कुठला पतोक? मी दोन दिवस दुसरं कनेक्शन शोधतोय.”

नीलिमाताईंनी मूळ इंग्रजी काढलं आणि चूक त्यांच्या लक्षात आली. स्ट्रीम म्हणजे माहितीचा प्रवाह, थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममध्ये इतरांबरोबर समांतर चालणारं काम. रशियनमध्ये दोन्हीला पतोकच म्हणतात. प्रोग्रॅमच्या एका थ्रेडने स्ट्रीम बंद केला होता. येरलान मात्र दुसरा पतोकही प्रवाहच समजून, आपल्या कोडमध्ये बघायचं सोडून केबली तपासत बसला होता.

ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर विभागप्रमुख फ्राऊ र्‍योस्लर म्हणाल्या, “आल्झो, तर मग सगळे मेसेज इंग्रजीतच ठेवू. प्रोग्रॅमरना इंग्रजी येतंच.”

“सगळ्यांना नाही येत,” नीलिमाताई म्हणाल्या. “चूक भाषेची नाही, माझी आहे. मला तीन आठवडे द्या.”

“दोन,” फ्राऊ र्‍योस्लर म्हणाल्या आणि कॉल संपला.

तीनशे चाळीस मेसेज होते. प्रत्येकापाशी त्या एकच प्रश्न विचारत: हा शब्द वाचणाऱ्याला टाइप करायचाय, शोधायचाय, की समजून घ्यायचाय? टाइप करायचा किंवा शोधायचा तो लॅटिनमध्ये: कोडमधल्या क्लासची, फंक्शनची, सेटिंगची नावं, एररचा कोड. समजून घ्यायचा तो रशियनमध्ये. पण लॅटिन शब्दाला रशियन विभक्ती चिकटत नाही, वाक्य लुळं पडतं. म्हणून त्याच्या आधी त्यांनी ‘ऑब्जेक्ट’ किंवा ‘फाइल’ असा रशियन शब्द ठेवला. प्रत्यय तो घेईल. थ्रेडला त्यांनी ‘अंमलबजावणीचा पतोक’ केलं. स्ट्रीम हे क्लासचंच नाव होतं, ते लॅटिनमध्ये गेलं. अकरा वर्षांचा पहिला नियम त्यांनी सगळ्यात शेवटी खोडला.

रविवारी कुहूला फोनवर त्यांनी हे सगळं सांगितलं. कुहू ऐकत होती, मागे भांड्यांचे आवाज येत होते.

“या, ममा. श्योन,” ती जर्मनमध्ये म्हणाली, म्हणजे ‘हो आई, छान.’ मग जर्मनमध्येच पुढे, “तू जेवलीस ना?”

“जेवले गं.”

नवे मेसेज गेल्यावर त्यांनी येरलानला लिहिलं: चूक माझी होती, तुमचे दोन दिवस गेले, माफ करा. सोबत जुना आणि नवा मेसेज जोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. थ्रेड सापडला होता, यंत्र चालू होतं. खाली एक ओळ: “आपल्याला नीट संबोधायचं आहे. वडिलांचं नाव काय?”

रशियनमध्ये मान द्यायचा तर नावाला वडिलांचं नाव जोडतात. पासपोर्टवर, बँकेत, दाराच्या पाटीवर त्यांच्या नावापुढे कुठेच ते नव्हतं. त्यांनी लिहिलं, ‘दिनकर.’

तासाभरात मेल आली: “धन्यवाद, नीलिमा दिनकरोव्ना. आता सगळं कळतं.”

ती त्यांनी मोठ्याने वाचली. आपलाच रशियन उच्चार त्यांना परका वाटला. ‘र’ जर्मनसारखा घशातून येत होता. पुन्हा वाचली, मग पुन्हा.

पुढचे काही आठवडे त्या सकाळी मेल उघडताना कारागांदाचं काही आलंय का बघत. आलं नाही. येरलानला विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.